जाहिरातीत तारीख आहे, ठराव नाही

साताऱ्याला माझी आत्या राहते. एका कारखानदार कंपनीचे १२० शेअर तिच्या नावावर आहेत, आतोबा गेल्यावर तिच्या डिमॅट खात्यात आलेले. मागच्या वर्षी, म्हणजे २०२५च्या जुलैअखेर, तिनं मराठी पेपरातलं एक कात्रण मला व्हॉट्सॲपवर पाठवलं. एका बाजूला निविदा सूचना, दुसऱ्या बाजूला ‘मूळ खरेदीखत गहाळ झाले आहे’, आणि मधे पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत ‘याद्वारे सूचना देण्यात येते की’नं सुरू होणारा, त्या कंपनीच्या वार्षिक सभेतल्या मतदानाचा मजकूर. खाली तिचा प्रश्न होता: “मतदान कधी ते कळलं. कशावर ते कुठं लिहिलंय?”

मी ती चौकट दोनदा वाचली. आत्याचं बरोबर होतं. कुठंच लिहिलेलं नव्हतं.

मला हे आधीच माहीत असायला हवं होतं, कारण वीसेक वर्षं मी कंपन्यांच्या सेक्रेटेरियल खात्यात काढली आहेत आणि अशा चौकटी स्वतः छापायला दिल्या आहेत. ई-मतदानाचा नियम २०१४चा. नोटिसा पाठवून झाल्या की लगेच कंपनीनं एक जाहिरात इंग्रजी पेपरात द्यायची आणि एक, नोंदणीकृत कार्यालय ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या भाषेतल्या पेपरात. त्यात काय हवं हेही नियम सांगतो: ई-मतदान कधी सुरू होणार, कधी संपणार, कट-ऑफ तारीख कोणती, नोटीस कुठल्या वेबसाइटवर आहे, तक्रार कुणाकडे करायची. ठरावांचा विषय द्या असं त्या यादीत नाही. म्हणून कुणी देत नाही. मीही दिला नाही.

म्हणजे साताऱ्यातल्या भागधारकाला कायद्यानं तिच्या भाषेत हे कळवलं जातं की वीस तारखेला पाच वाजता दार बंद होणार आहे. आत काय आहे हे मात्र इंग्रजी पीडीएफमध्ये. हा लेख त्या अर्धवट चौकटीबद्दल आहे. माझं म्हणणं असं की वार्षिक सभेच्या नोटिशीचा एक पानी, ठरलेल्या साच्यातला सारांश कंपनीनंच दिला पाहिजे, इंग्रजीत आणि त्या जाहिरातीच्या भाषेत. आणि नोटिशीचे मथळे त्याच क्रमानं उतरवून काढले तर त्याला सारांश म्हणू नये. असं का, ते त्या एका नोटिशीवरूनच सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही, आकडे किंचित गोल केले आहेत.

नोटीस १६ पानांची होती आणि २६० पानांच्या वार्षिक अहवालाला जोडलेली. सभा गुरुवारी २१ ऑगस्टला, व्हिडिओवर. कोविडच्या वर्षी, २०२०त, सरकारनं व्हिडिओवरच्या सभांना परवानगी दिली आणि तेव्हापासून बहुतेक मोठ्या कंपन्यांनी सभागृहाचं भाडं आणि चहा-सामोसे दोन्ही वाचवले. छापील अहवालही आता घरी येत नाही, मागितला तरच येतो.

पहिलं काम तारखांचं. आत्यासारख्या माणसाला उपयोगाच्या तारखा या नोटिशीत पाच ठिकाणी विखुरल्या होत्या: तिसऱ्या, पाचव्या, सहाव्या, नवव्या आणि अकराव्या पानावर. त्यातल्या दोन तारखांची गल्लत जवळजवळ सगळेच करतात. रेकॉर्ड डेट होती ८ ऑगस्ट आणि कट-ऑफ तारीख १४ ऑगस्ट. पहिली पैशाची, दुसरी मताची. आठ तारखेला ज्याच्या खात्यात शेअर त्याला लाभांश, चौदा तारखेला ज्याच्या खात्यात त्याला मत. मधल्या दिवसांत कुणी शेअर विकले तर लाभांश त्याचा आणि मत विकत घेणाऱ्याचं. कट-ऑफ सभेच्या फार तर सात दिवस आधीची असू शकते, त्यापेक्षा मागे नेता येत नाही. म्हणून ती बहुधा बरोबर आठवडाभर आधीची असते.

दुसरी गल्लत शेवटच्या मुदतीची. सभा २१ला म्हणून लोक २१ला सकाळी लॉगिन करतात आणि ‘मतदान बंद’ पाहून चरफडतात. घरबसल्या मतदान किमान तीन दिवस चालू ठेवावं लागतं आणि ते सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला संपतं. इथं १८ ऑगस्ट, सोमवार सकाळी नऊ ते २० ऑगस्ट, बुधवार संध्याकाळी पाच. ज्यानं तेव्हा मत दिलं नाही त्याला सभा चालू असताना ऑनलाइन देता येतं, पण त्यासाठी सभेला हजर राहावं लागतं. एकदा दिलेलं मत बदलता येत नाही. आधी मत देऊन सभेला बसता येतं, बोलता येतं, पुन्हा मत देता येत नाही. बोलायचं असेल तर ११ ते १४ ऑगस्टदरम्यान ईमेलनं नाव नोंदवायचं होतं. ही मुदत सगळ्यात जास्त हुकते, कारण ती मतदानाच्या आधी संपते, आणि मतदान सुरू झाल्याशिवाय कुणी नोटीस उघडत नाही.

आणि दोन पानं भरून होता लाभांशावरचा कर: कोणता फॉर्म कुणी भरायचा, परदेशी भागधारकानं कोणती कागदपत्रं द्यायची, हे सगळं ८ ऑगस्टच्या आत. आत्या या पानांनी घाबरली. तिचा हिशेब असा: शेअरमागे ६ रुपये, १२० शेअर, ७२० रुपये. निवासी व्यक्तीला एका कंपनीकडून वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत लाभांश मिळाला तर २०२५-२६पासून उगमात करकपात होत नाही. तिला काहीच पाठवायचं नव्हतं. दोन पानांचा तिच्यापुरता सारांश एका शब्दाचा: सोड.

माझ्या सारांशाचा वरचा अर्धा भाग या तारखांनी भरला. क्रम पानांचा नाही, कॅलेंडरचा; आणि प्रत्येक तारखेपुढं त्या दिवशी तिनं काय करायचं ते. खरी मेहनत पुढच्या अर्ध्यात होती.

नोटिशीत नऊ विषय होते. पहिले तीन ‘सर्वसाधारण कामकाज’ या मथळ्याखाली: हिशेब स्वीकारणे, लाभांश जाहीर करणे, आळीपाळीनं निवृत्त होणाऱ्या संचालकाची फेरनेमणूक. उरलेले सहा ‘विशेष कामकाज’. इथं नवखा माणूस हमखास फसतो. त्याला वाटतं, विशेष म्हणजे महत्त्वाचं. वस्तुस्थिती अशी की कायद्यानं वार्षिक सभेची चार कामं सर्वसाधारण ठरवली आहेत: हिशेब, लाभांश, निवृत्त होणाऱ्याच्या जागी संचालक आणि हिशेबतपासनीस. बाकी जे काही येईल ते आपोआप विशेष. या नोटिशीत चौथा विषय होता उत्पादनखर्चाचे हिशेब तपासणाऱ्या कॉस्ट ऑडिटरच्या सव्वातीन लाखांच्या फीला मान्यता. तोही ‘विशेष’. पाचवा, कंपनी कायदेनियम पाळते का हे तपासणारा सेक्रेटेरियल ऑडिटर पाच वर्षांसाठी नेमणं. २०२५च्या सभांमध्ये हा विषय जिकडेतिकडे होता, कारण सेबीनं ही नेमणूक तेव्हापासून भागधारकांकडे आणली. तोही ‘विशेष’. उलट प्रवर्तक, म्हणजे कंपनीवर ताबा असलेल्या, घराण्यातल्या संचालकाची फेरनेमणूक तिसऱ्या क्रमांकावर ‘सर्वसाधारण’मध्ये दीड ओळीत उरकलेली. त्या गृहस्थांनी वर्षभरातल्या मंडळाच्या सहा बैठकांपैकी तीनच गाठल्या होत्या, पण हे समजायला शेवटच्या परिशिष्टातल्या बारीक टाइपाच्या तक्त्यापर्यंत जावं लागत होतं.

विशेष कामकाज वेगळं आणि विशेष ठराव वेगळा. साध्या ठरावाला विरोधापेक्षा बाजूची मतं जास्त असली की पुरतं. विशेष ठरावाला बाजूची मतं विरोधाच्या किमान तिप्पट लागतात. म्हणजे पडलेल्या मतांपैकी ७५ टक्के. ‘पडलेल्या’ या शब्दावर बोट ठेवायला हवं, कारण जे मतच देत नाहीत ते कुठल्याच पारड्यात मोजले जात नाहीत. सहा विशेष कामांपैकी विशेष ठराव फक्त तीन होते: सहावा, सातवा आणि नववा. त्यांच्यासमोर ‘विशेष ठराव म्हणून’ असं इंग्रजीत, वाक्याच्या पोटात लिहिलेलं.

नोटिशीचे हे मथळे मी पूर्ण बाजूला ठेवले आणि नऊ विषय वेगळ्या प्रश्नानं लावले: यात तुझ्या मताला गणितात काही जागा आहे का? काही मित्रांना हा प्रश्न निराशावादी वाटतो. मला वाटतं, छोट्या भागधारकाला पहिल्यांदा हेच सांगायला हवं, आणि सगळे सारांश नेमकं हेच गाळतात.

या कंपनीत प्रवर्तकांकडे ५२ टक्के शेअर. म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, परदेशी गुंतवणूकदार मिळून २१. बाकी २७ टक्के आत्यासारख्या हजारो लोकांकडे पसरलेले. साध्या ठरावात ५२वाल्यांनी हात वर केला की निकाल लागला, उरलेले ४८ सगळे विरोधात गेले तरी. म्हणजे पहिले पाच विषय नोटीस छापायच्या आधीच संमत होते. लाभांश कमी वाटला तरी सभेला तो वाढवता येत नाही, मंडळानं शिफारस केलेल्या रकमेपर्यंतच जाता येतं. आत्याला मी सांगितलं, तिसऱ्या विषयावर नापसंती नोंदवायची तर नोंदव, निकालाच्या तक्त्यात ती दिसेल, पण निकाल फिरणार नाही.

विशेष ठरावाचं तसं नाही. समजा सातव्या विषयावर प्रवर्तकांचे ५२ बाजूनं पडले. संस्थांच्या २१पैकी १८ विरोधात गेले, ३ बाजूनं. बाजूला ५५, विरोधात १८. आता सामान्य भागधारकांच्या २७पैकी फक्त २ टक्क्यांनी मत दिलं असं धरा. ते दोन्ही बाजूनं पडले तर ५७ विरुद्ध १८. अठराची तिप्पट ५४, ठराव संमत. तेच दोन विरोधात पडले तर ५५ विरुद्ध २०. विसाची तिप्पट ६०, ठराव पडला. पंचवीस टक्के लोक झोपलेले असताना दोन टक्क्यांनी निकाल फिरवला.

हे कागदावरचं नाही. जुलै २०१८मध्ये मुंबईत एचडीएफसीच्या सभेत दीपक पारेख यांना संचालकपदी चालू ठेवण्याचा विशेष ठराव ७७ टक्क्यांच्या आसपास मतांनी, काठावरच निभावला. ऑगस्ट २०२१मध्ये आयशर मोटर्सच्या सभेत सिद्धार्थ लाल यांच्या फेरनेमणुकीचा आणि मानधनाचा विशेष ठराव ७३ टक्क्यांच्या आसपास अडकला आणि पडला. पुढे कंपनीनं मानधनाच्या अटी बदलून प्रस्ताव पुन्हा आणला, तेव्हा तो संमत झाला. म्हणजे पडलेल्या ठरावानं अटी बदलल्या.

आमच्या नोटिशीतला सातवा विषय तसाच, व्यवस्थापकीय संचालकांच्या पाच वर्षांच्या फेरनेमणुकीचा आणि मानधनाचा होता. ठरावाचा मजकूर पाऊण पानाचा, त्यात एकही एकूण आकडा नाही. ‘सोबतच्या निवेदनातील अटींनुसार’ म्हणून पुढं ढकललेलं. निवेदनात गेलो तर वार्षिक पगार ४.२ कोटी, त्यात दरसाल १५ टक्क्यांपर्यंत वाढ, शिवाय निव्वळ नफ्याच्या दीड टक्क्यापर्यंत कमिशन. हे तीन तुकडे वेगवेगळ्या परिच्छेदांत आहेत आणि कुठंच जोडलेले नाहीत. सारांश लिहिणाऱ्यानं बेरीज करायला हवी. नफा १४० कोटी. दीड टक्का म्हणजे २.१ कोटी, पहिल्या वर्षी एकूण ६.३ कोटी. हा ठराव विशेष का झाला त्याचं उत्तरही या बेरजेतच आहे: प्रवर्तकांपैकी कार्यकारी संचालकाचं मानधन पाच कोटी किंवा नफ्याच्या अडीच टक्के, यांतलं जे जास्त असेल त्याच्या वर गेलं की सेबीच्या नियमानुसार विशेष ठराव लागतो. नफ्याचे अडीच टक्के इथं साडेतीन कोटी होतात, म्हणून मर्यादा पाच कोटी. आणि दरसाल पूर्ण १५ टक्के वाढ दिली तर पाचव्या वर्षी नुसता पगारच ७.३५ कोटींच्या घरात जातो. हा आकडा नोटिशीत शोधून सापडणार नाही.

त्याखाली आणखी एक वाक्य होतं. मी स्वतः ते कित्येकदा टाइप केलं आहे, म्हणून जरा ओशाळूनच सांगतो. नफा अपुरा पडला किंवा तोटा झाला तरी हेच मानधन ‘किमान मानधन’ म्हणून दिलं जाईल. कायद्याच्या चौकटीत हे बसतं, त्याला मुदतीची मर्यादाही आहे. पण आत्याच्या दृष्टीनं त्या पाऊण पानातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच, आणि सारांशात ते पहिल्या ओळीत हवं: कंपनी तोट्यात गेली तर तुझा लाभांश थांबेल, यांचं मानधन थांबणार नाही.

आठवा विषय मला सगळ्यात जास्त वेळ घेऊन गेला. प्रवर्तक कुटुंबाच्या खासगी कंपनीकडून चालू वर्षात २४० कोटी रुपयांपर्यंत कास्टिंग विकत घेण्याची परवानगी. ठराव साधा, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला वाटेल की ५२ टक्केवाल्यांच्या खिशात. पण असा, कंपनीच्या आपल्याच माणसांशी होणारा मोठा ‘संबंधित पक्ष व्यवहार’ असेल तर कंपनीच्या कुठल्याही संबंधित पक्षाला ठरावाच्या बाजूनं मत देता येत नाही, मग तो त्या व्यवहारात असो वा नसो. ते ५२ टक्के या एका विषयापुरते बाजूला बसतात. उरतात संस्था आणि आत्यासारखी माणसं, आणि त्यांच्यात साधं बहुमत. नऊ विषयांत आत्याचं मत सगळ्यात वजनदार इथं होतं, आणि नोटिशीत हा विषय कॉस्ट ऑडिटरच्याच मथळ्याखाली, त्याच टाइपात, आठव्या क्रमांकावर होता. बाजूनं मत कुणाला देता येणार नाही हे मात्र निवेदनाच्या शेवटच्या ओळीत.

मानधनापेक्षा हा विषय अवघड, कारण इथं नुसत्या रकमेवरून काहीच ठरत नाही. २४० कोटी ही कमाल मर्यादा आहे, तेवढी खरेदी होईलच असं नाही. माल लागतोच, कुणाकडून तरी घ्यायचाच. निवेदन म्हणतं, व्यवहार बाहेरच्याशी करावा तशाच दरानं आहे आणि ऑडिट समितीनं तो तपासला आहे. असेलही. सारांश लिहिणारा हे खोटं ठरवू शकत नाही आणि ठरवूही नये. त्याला करता येण्यासारखं एकच आहे: मागच्या वर्षीचा आकडा शोधून शेजारी ठेवणं. तो नोटिशीत नव्हता. हिशेबांच्या टिपांमध्ये, अहवालाच्या दोनशेव्या पानाच्या पुढं, संबंधित पक्षांच्या तक्त्यात सापडला: १६८ कोटी. म्हणजे विक्री आठ टक्क्यांनी वाढलेल्या कंपनीला यंदा त्याच घरातून ४३ टक्के जास्त खरेदीची मुभा हवी होती. याला साधं उत्तर असू शकतं, नवा कारखाना, बंद पडलेला दुसरा पुरवठादार, काहीही. पण ते उत्तर निवेदनात नव्हतं. सारांशात मी एवढंच लिहिलं: गेल्या वर्षी १६८, यंदा २४०पर्यंत, वाढीचं कारण दिलेलं नाही, प्रवर्तक बाजूनं मत देणार नाहीत.

‘विरोध कर’ असं मी लिहिलं नाही, आणि सारांशानं तसं लिहू नये असं माझं ठाम मत आहे. मत काय द्यावं हे सांगणारा धंदा वेगळा आहे. मुंबईतल्या आयआयएएससारख्या प्रॉक्सी सल्लागार संस्था तो करतात, त्यांच्यावर सेबीचे नियम आहेत आणि त्यांचे अहवाल मुख्यतः मोठ्या संस्था विकत घेतात. म्युच्युअल फंडांना २०२२पासून सगळ्या ठरावांवर मत द्यावंच लागतं आणि कारणासह जाहीर करावं लागतं, पण तिमाही संपल्यावर. तोवर आत्याची पाच वाजताची वेळ कधीच उलटलेली असते.

आता विरोधी बाजू. माझा एक जुना सहकारी अजून याच कामात आहे. त्याला हा कागद दाखवला तर तो म्हणाला, “तू निवृत्त झालास म्हणून बोलतोयस. उद्या सारांशात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर कोर्टात कोणता कागद धरायचा?” आक्षेप खरा आहे, पण नवा नाही. पब्लिक इश्यूच्या अर्जासोबत संक्षिप्त माहितीपत्रक द्यावं लागतं, ते कित्येक वर्षं चाललं आहे आणि मूळ माहितीपत्रक त्यामुळे रद्द होत नाही. वार्षिक हिशेबही संक्षिप्त रूपात पाठवण्याची सोय कंपनी कायद्यातच आहे. विसंगती असेल तर मूळ नोटीस ग्राह्य, एवढी एक ओळ पुरते.

त्याचा दुसरा आक्षेप मला जास्त पटला. कंपनीच सारांश लिहिणार तर ती स्वतःच्या सोयीनं लिहिणार. ‘अनुभवी नेतृत्वाच्या सातत्यासाठी’ वगैरे. म्हणूनच मी साच्याचा आग्रह धरतो. प्रत्येक विषयाला ठरलेले रकाने: ठराव साधा की विशेष; कुणाचं हित गुंतलं आहे आणि बाजूनं मत कुणाला देता येणार नाही; रुपयांत एकूण कमाल किती आणि मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती; खुलासा कोणत्या पानावर. विशेषणाला रकानाच नाही. हित कुणाचं आणि खुलासा काय हे आजही निवेदनात द्यावंच लागतं, बेरीज आणि मागचा आकडा कंपनीच्याच टेबलावर असतो. नव्यानं मागतो आहे ती जागा, माहिती नव्हे.

पण साच्यालाही मर्यादा आहे हे कबूल करतो. स्वतंत्र संचालक खरोखर स्वतंत्र आहे का, हे कोणत्याही रकान्यात मावत नाही. सहाव्या विषयातल्या बाई कागदावर निर्दोष होत्या. त्या मंडळात तोंड उघडतील की नाही हे नोटिशीवरून मला सांगता आलं नाही आणि मी सांगितलंही नाही. नवव्या विषयातले गृहस्थ पंचाहत्तरी ओलांडत होते, म्हणून नियमानं विशेष ठराव लागला. त्यांच्याबद्दल एक ओळ लिहिली आणि पुढं गेलो.

खर्चाचा मुद्दा मी मनावर घेत नाही. जाहिरातीचे पैसे कंपनी आजही देतेच.

त्या आठवड्यात मुंबईत पावसानं थैमान घातलं होतं, लोकल बंद पडत होत्या. मी घरीच अडकलो होतो, म्हणून २० तारखेला दुपारी चारच्या सुमाराला आत्याला फोन केला. ओटीपी तिच्या जुन्या नंबरावर जातो आहे असं निघालं. तो फोन नातवाकडे, नातू क्लासला. त्याला शोधून, आकडा विचारून, नऊही ठरावांसमोर खूण करून तिनं चार पन्नासला ‘कन्फर्म’ दाबलं. तिनं कुठं काय दिलं ते मी विचारलं नाही. “आठव्यावर मी थांबले होते जरा,” एवढं तीच म्हणाली.

निकाल दोन कामाच्या दिवसांत शेअर बाजाराच्या साइटवर टाकावा लागतो. सोमवारी तो आला, तीन गटांत मांडलेला: प्रवर्तक, संस्था, इतर सार्वजनिक भागधारक. सगळे नऊ संमत. आठव्यावर प्रवर्तकांच्या रकान्यात शून्य आणि संस्थांमध्ये बऱ्यापैकी विरोध. आत्याच्या गटात, त्या २७ टक्क्यांत, किती जणांनी मत दिलं याची टक्केवारी एकेरी आकड्यात.

गणपतीला साताऱ्याला गेलो तेव्हा ते कात्रण तिच्या बँकेच्या पासबुकात घडी करून ठेवलेलं दिसलं. चौकटीच्या उजवीकडच्या समासात तिनं बॉलपेननं माझ्या सारांशातले नऊ विषय एकाखाली एक लिहिले होते, आठव्यापुढं कंसात १६८ आणि २४०. समास दोन बोटांचा. नऊही ओळी त्यात मावल्या होत्या.